नाव समोर दिसतंय, तरी VLOOKUP म्हणतो #N/A: न दिसणाऱ्या अक्षरांचा बंदोबस्त

दोन याद्या एकमेकींशी जुळवायच्या, एवढंच माझं काम. एका बाजूला अर्जांची यादी, दुसऱ्या बाजूला गावांची; गावाचं नाव जुळलं की त्यापुढचा कोड उचलायचा. हे काम करणाऱ्या प्रत्येकाकडून एक तक्रार ठरलेली असते: "अहो, नाव तर अगदी तेच आहे!" नाव तेच दिसत असतं, पण संगणकाला दिसणं कळत नाही. तो अक्षरांचे आकडे जुळवतो, आणि त्या आकड्यांत डोळ्यांना न दिसणारा एखादा आकडा घुसलेला असतो. खालचं सगळं एक्सेल समोर ठेवून लिहिलंय. यातली बहुतेक सूत्रं गूगल शीट्समध्येही चालतात.

लक्षणं

आधी आपला आजार हाच आहे का, ते बघा. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर जवळजवळ नक्की समजा.

- VLOOKUP किंवा XLOOKUP काही ओळींना बरोबर उत्तर देतो आणि काहींना #N/A. नापास ओळींत नाव शुद्ध आहे, शेजारी ठेवून वाचलं तरी फरक दिसत नाही.
- तेच नाव त्याच सेलमध्ये हाताने पुन्हा टाइप केलं की लगेच चालतं.
- Ctrl+F मध्ये टाइप केलेलं नाव सापडत नाही, पण सेलमधून कॉपी करून तिथे पेस्ट केलं तर सापडतं.
- पिव्होट टेबलमध्ये एकच गाव दोनदा येतं, दोन वेगवेगळ्या बेरजांसह.
- TRIM लावून झालं, फरक शून्य.
- रकमेचा कॉलम डावीकडे चिकटलेला आणि त्याची बेरीज 0.
- CSV फाइल उघडल्यावर मधेच Â असं चिन्ह दिसतं, किंवा पहिल्याच कॉलमचं नाव प्रोग्रामला सापडत नाही आणि बाकीच्यांची सापडतात.

एकूण एक ओळ नापास असेल तर मात्र अक्षरांच्या मागे लागण्याआधी सूत्राकडे वळा. तीच पहिली तपासणी.

आधी सूत्र बघा

याला एक मिनिट लागतं आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. VLOOKUP मधली पट्टी $ लावून बांधली आहे का? नसेल तर सूत्र खाली ओढताना पट्टीही खाली सरकते, आणि वरची गावं पट्टीबाहेर पडतात. अशा वेळी वरच्या ओळी चालतात, खालच्या पडतात, आणि माणूस उगाच गावांच्या नावांवर संशय घेतो. शेवटचा भाग FALSE आहे का तेही बघा. जुळवणी आकड्यांवर असेल, समजा पिनकोडवर, तर एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला मजकूर म्हणून साठवलेला आकडा असं झालेलं नाही ना? तो वेगळा आजार आहे आणि त्याचं औषधही वेगळं.

सूत्र ठीक निघालं तरच पुढे चला.

लांबी मोजा

चालणारा एक सेल आणि न चालणारा एक सेल निवडा. दोन्हींत नाव तेच हवं. शेजारी हे लिहा:

```
=LEN(A2)
```

LEN दिसणारी अक्षरं मोजत नाही, साठवलेली चिन्हं मोजतं. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं असतात. म्हणून ‘कऱ्हाड’ आपल्याला तीन अक्षरांचं वाटलं तरी त्याची लांबी 6 येते: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. लांबी किती यायला हवी हे डोक्यात मोजत बसू नका. चालणाऱ्या सेलशी तुलना करा. एकीकडे 6 आणि दुसरीकडे 7 आले की पाहुणा सापडला.

इथेच घाई होते. लांबी एकने जास्त म्हणजे शेवटी स्पेस, असं समजून लोक TRIM लावतात, आणि ते चाललं नाही की एक्सेलला दोष देतात. माझ्या एका यादीत ‘कऱ्हाड’ हे नाव तीन सेलमध्ये होतं, तिन्हींची लांबी 7, आणि तिघांची कारणं तीन. पुढचं उदाहरण त्याच तीन सेलचं आहे. LEN एवढंच सांगतं की काहीतरी जास्त आहे. काय आणि कुठे, ते सांगत नाही. उलट, लांबी सारखी आली म्हणून नाव स्वच्छ ठरत नाही. मधली साधी स्पेस जाऊन तिथे दुसऱ्या जातीची स्पेस बसली तर लांबी तीच राहते. ‘कोऱ्हाळे बुद्रुक’ दोन्हीकडे 16 येऊनही जुळत नाही, ते यामुळेच.

F2 दाबून End केल्यावर शेवटचं अक्षर आणि कर्सर यांच्यात फट दिसते का, हेही बघता येतं. पण रुंदी नसलेल्या चिन्हांना फटच नसते, आणि देवनागरीत कर्सर जोडाक्षरांवरून उड्या मारत जातो. इंग्रजी मजकुराला ही युक्ती बरी. मराठीला LEN वरच भरवसा ठेवा.

पाहुणा टोकाला आहे की पोटात?

समजा D2 मध्ये तुम्ही स्वतः, स्वच्छ टाइप केलेलं नाव आहे आणि गावांची यादी A कॉलममध्ये आहे:

```
=COUNTIF(A:A,D2)
=COUNTIF(A:A,"*"&D2&"*")
```

पहिलं सूत्र अगदी तेच नाव मोजतं. दुसरं, त्या नावाच्या मागेपुढे काहीही असलं तरी मोजतं. पहिलं 0 आणि दुसरं 1 आलं, तर नाव आतून धड आहे आणि घाण टोकाला आहे. ही सोपी केस. दोन्ही 0 आले तर घाण नावाच्या पोटात आहे, आणि मराठीत तो मामला थोडा जपून हाताळावा लागतो. दुसऱ्या सूत्रात ‘कऱ्हाड’ शोधताना ‘कऱ्हाडकर’सुद्धा मोजलं जातं, तेवढं लक्षात असू द्या.

आकडा दोन्ही वेळा बरोबर आला आणि तरीही VLOOKUP पडत असेल, तर यादी स्वच्छ आहे आणि शोधायचं नावच मळलेलं आहे. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, कारण आपण जिच्यात शोधतो त्या यादीवरच संशय घेतो. अर्जदाराने पाठवलेला मजकूर वर्डमधून चिकटवला असेल तर पाहुणा त्यातूनही येतो. सफाई दोन्ही बाजूंची करायची.

आकडे बाहेर काढा

आता अंदाज बंद. नव्या एक्सेलमध्ये, म्हणजे २०२१ किंवा ३६५ मध्ये, सेलमधल्या प्रत्येक चिन्हाचा आकडा एका ओळीत मिळतो:

```
=TEXTJOIN(" ",TRUE,UNICODE(MID(A2,SEQUENCE(LEN(A2)),1)))
```

एक्सेल जुनं असेल, पण २०१३ किंवा त्यानंतरचं, तर खालचं सूत्र A2 च्या शेजारच्या सेलमध्ये टाकून उजवीकडे ओढा. अक्षरं संपली की #VALUE! येऊ लागतं, तिथे थांबायचं.

```
=UNICODE(MID($A2,COLUMN(A1),1))
```

UNICODE च्या जागी CODE वापरू नका. CODE ला देवनागरी समजत नाही. तो बहुधा सगळ्या मराठी अक्षरांना 63 म्हणतो, आणि 63 हा प्रश्नचिन्हाचा आकडा आहे.

स्वच्छ ‘कऱ्हाड’ आणि माझे ते तीन सेल असे दिसले:

```
स्वच्छ  2325 2353 2381 2361 2366 2337
पहिला  2325 2353 2381 2361 2366 2337 160
दुसरा   2325 2352 2381 8205 2361 2366 2337
तिसरा   2325 2352 2364 2381 2361 2366 2337
```

देवनागरीची सगळी नेहमीची अक्षरं 2304 ते 2431 या पट्ट्यात येतात आणि साधी स्पेस 32 असते. या दोन्हींबाहेरचा आकडा दिसला की त्याच्यावर बोट ठेवायचं. पहिल्या सेलमध्ये तो 160 आहे, दुसऱ्यात 8205. तिसऱ्यात बाहेरचा एकही नाही, आणि तरीही ओळ वेगळी आहे. म्हणून नुसते परके आकडे शोधून भागत नाही, स्वच्छ ओळीशी आकडा आकडा ताडून बघावं लागतं.

नेहमी भेटणारे परके थोडेच आहेत. 160 ही नॉन-ब्रेकिंग स्पेस. 8203 ही रुंदीच नसलेली स्पेस. 8204 आणि 8205 हे नॉन-जॉइनर आणि जॉइनर. यांचं मराठीत खरंच काम असतं, त्यांच्याकडे वळूच. 8206 आणि 8234 ते 8238 ही लिहिण्याची दिशा सांगणारी चिन्हं, उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी केलेली. विंडोजमध्ये फाइलच्या गुणधर्मांतल्या सुरक्षेच्या टॅबवरून पत्ता कॉपी केला तर त्याच्या सुरुवातीला 8234 चिकटून येतो, आणि ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप मिळतो. काही संपर्क-याद्यांतून कॉपी केलेल्या फोन नंबरांच्या मागेपुढेही हीच मंडळी असतात. 65279 हा फाइलच्या अगदी आरंभी बसणारा. पहिल्या कॉलमचं नाव न सापडण्यामागे बहुधा हाच असतो.

160: सोपा, पण TRIM ला न दिसणारा

वेबपानं बनवणारे ही स्पेस मुद्दाम टाकतात. ‘रु. ५००’ मधला रु. एका ओळीत आणि ५०० पुढच्या ओळीत जाऊ नये, हा तिचा खरा उपयोग. पण तक्त्यातला रिकामा चौकोन भरायला किंवा दोन शब्दांत जास्त अंतर पाडायलाही ती ` ` लिहून सर्रास वापरली जाते. आपण तो तक्ता उचलून एक्सेलमध्ये चिकटवला की तीही सोबत येते. CSV मध्ये ती C2 A0 अशा दोन बाइट्सनी लिहिलेली असते. फाइल चुकीच्या एन्कोडिंगने उघडली की C2 चा Â होतो. लक्षणांमधला तो Â दिसला तर खरं तर नशीब चांगलं, कारण एरवी हा पाहुणा दिसतच नाही.

TRIM फक्त 32 ही साधी स्पेस काढतं. CLEAN 0 ते 31 हे आकडे काढतं. 160 दोघांच्याही तावडीतून सुटतो. म्हणून आधी त्याची साधी स्पेस करायची, मग TRIM:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

इथे 160 च्या जागी रिकामं "" टाकण्याचा मोह टाळा. टोकाला ते चालून जाईल, पण ‘कोऱ्हाळे बुद्रुक’च्या मधली स्पेस 160 असेल तर दोन्ही शब्द एकमेकांना चिकटतील, आणि एक चूक काढताना दुसरी पदरात पडेल. क्रमही हाच ठेवा. आधी TRIM आणि मग बदल केला, तर नव्याने तयार झालेली साधी स्पेस टोकाला तशीच राहते.

बऱ्याच ठिकाणी UNICHAR च्या जागी CHAR(160) लिहिलेलं सापडेल. विंडोजवर तेही चालतं. मॅकच्या एक्सेलमध्ये CHAR ची अक्षरमाला वेगळी असल्याने तिथे दगा होऊ शकतो. UNICHAR दोन्हीकडे सारखं वागतं, म्हणून माझी पसंती त्याला.

रकमेच्या कॉलमची बेरीज 0 येत असेल तर हेच सूत्र VALUE() मध्ये गुंडाळा. आकड्याच्या शेपटीला 160 असल्यामुळे एक्सेल त्या अख्ख्या सेलला मजकूर समजत असतं.

रुंदी नसलेली मंडळी

8203, 65279 आणि दिशेची चिन्हं गावांच्या आणि माणसांच्या मराठी नावांत बिनधास्त उडवता येतात. त्यांच्या जागी स्पेस टाकायची नाही, रिकामंच ठेवायचं:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,UNICHAR(8203),""),UNICHAR(65279),"")
```

8206, 8234, 8236 आढळले तर तशीच आणखी वेष्टनं चढवा. सगळ्या जगाची चिन्हं एकाच सूत्रात कोंबू नका; तुमच्या यादीत जे सापडले तेवढेच काढा. सूत्र वाचता येण्याजोगं राहिलं तर पुढच्या महिन्यात तुमच्या जागी बसणाऱ्यालाही ते कळेल.

8205 ला हात लावण्याआधी थांबा

मराठीत खरी मेख इथे आहे. जालावर मिळणारी बहुतेक सूत्रं इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेली असतात आणि त्यांत 8204, 8205 हे कचरा म्हणून सरसकट काढलेले असतात. आपल्याकडे ते करू नका.

कऱ्हाड, कोऱ्हाळे, गोऱ्हे, वऱ्हाड, दऱ्या, पुऱ्या या शब्दांतला अर्धा र, म्हणजे पापणीसारखा दिसणारा तो र, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, म्हणजे 2353 2381. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह J दाबलं की हा ऱ येतो. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि जॉइनर, म्हणजे 2352 2381 8205. पुढच्या अक्षरावर रफार चढू नये म्हणून तिथे जॉइनर लागतो. काही कळफलक आणि जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणारी साधनं ही दुसरी रीत वापरतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. वर दिलेला दुसरा सेल असाच बनलेला होता.

आता त्या सेलमधून 8205 नुसता काढून टाकला तर काय होईल? 2325 2352 2381 2361 2366 2337 उरेल. लांबी 6, म्हणजे सगळं सुधारल्यासारखं वाटेल. पण र आणि हलन्त यांच्यानंतर थेट ह आल्यामुळे र चा रफार होऊन तो ‘हा’च्या डोक्यावर चढेल. नाव ‘कर्हाड’ होईल, जुळणार तर नाहीच, आणि मूळ मजकूर कायमचा बिघडलेला असेल. यादी शेकडो ओळींची असेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून जॉइनर काढायचा नाही, तर ती तीन चिन्हांची अख्खी जुळणी एकदम बदलायची:

```
=SUBSTITUTE(B2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

सूत्रात 8205 आहे म्हणूनच ते सुरक्षित आहे. तो वगळून ‘र आणि हलन्त’ सरसकट ऱ मध्ये बदललंत तर कर्जत, खुर्द, अर्जुनी या सगळ्यांचे रफार उतरतील. गावांच्या यादीत ‘खुर्द’ किती असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिसरा सेल म्हणजे याचीच आणखी एक तऱ्हा: साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, 2352 2364. युनिकोडच्या नियमांनुसार ही जोडी आणि 2353 एकच मानले जातात, पण एक्सेलचं सूत्र ते नियम पाळत बसत नाही. ती जोडीही 2353 मध्ये बदलून घ्या:

```
=SUBSTITUTE(B2,UNICHAR(2352)&UNICHAR(2364),UNICHAR(2353))
```

हे झाल्यावर जे 8204, 8205 उरतात ते बहुधा ‘उद्‌घाटन’सारख्या शब्दांत हलन्त सुटा दाखवायला किंवा अर्धं अक्षर मोडून दाखवायला टाकलेले असतात. ते काढले तर जोडाक्षराची ठेवण बदलते, उच्चार बदलत नाही. जुळवणीसाठी केलेल्या वेगळ्या कॉलममध्ये ते खुशाल काढा. छापायच्या किंवा लोकांना दाखवायच्या कॉलममध्ये मात्र राहू द्या.

त्याच ओघात ‘ॲ’ही बघून घ्या. 2418 हे एकच अक्षर आणि 2309 2373 ही अ-अधिक-चंद्र जोडी सारखीच दिसतात, पण युनिकोडसुद्धा त्यांना एक मानत नाही. ‘ॲड.’ लावलेली वकिलांची नावं जुळत नसतील तर पहिला संशय इथे घ्या.

सफाई कुठे करायची

मूळ कॉलमवर कधीही नाही. शेजारी ‘जुळणी’ नावाचा कॉलम करा, वरची सूत्रं क्रमाने तिथे लावा, प्रत्येकात B2 च्या जागी आधीच्या सूत्राचं उत्तर घेऊन: आधी 160, मग रुंदी नसलेले, मग ऱ, आणि अगदी शेवटी उरलेले जॉइनर. दोन्ही याद्यांना तीच सूत्रं, त्याच क्रमाने. VLOOKUP या कॉलमवर चालवायचा. नाव दाखवायची वेळ आली की मूळ कॉलममधून दाखवायचं.

एकदा सफाई करूनही आजार परत येतो, कारण स्रोत तसाच असतो. दर महिन्याला त्याच पानावरून तोच तक्ता उचलला की 160 पुन्हा हजर. त्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम टाकून ठेवा, म्हणजे मळलेला सेल चिकटवताक्षणी रंगेल:

```
=ISNUMBER(FIND(UNICHAR(160),$A2))
```

नावं टाइप करायची असतील तर डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा, म्हणजे टाइप करण्याऐवजी निवड होईल आणि कोणाचा कळफलक कुठला हा प्रश्नच उरणार नाही. आणि जिथे शक्य आहे तिथे नावावर जुळवूच नका. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड दिलेला आहे. दोन्ही याद्यांत तो असेल तर नावात काय लपलंय याने काही बिघडत नाही. शिवाय एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन गावं असली तर तो घोळही त्यातच मिटतो.

फाइल एक्सेलला झेपत नसेल तर

लाखो ओळींच्या CSV मध्ये मळ आहे की नाही एवढंच बघायचं असेल, तर लिनक्सवर ही एक ओळ पुरते. ज्या ओळींत 160 किंवा 8203 ते 8207 पैकी काही आहे, त्या ओळी क्रमांकासह छापल्या जातात:

```
LC_ALL=C grep -nP '\xC2\xA0|\xE2\x80[\x8B-\x8F]' yadi.csv
```

सुरुवातीचं LC_ALL=C गाळू नका. ते नसेल तर grep बाइट्सऐवजी अक्षरं बघू लागतो आणि काहीच सापडत नाही.

पायथन वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. strip() टोकाची 160 काढतं, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण 8203 ला ते हात लावत नाही. unicodedata.normalize मध्ये NFC दिलं तर र-अधिक-नुक्त्याचा ऱ होतो. र, हलन्त, जॉइनर या जुळणीचा मात्र NFC ने होत नाही आणि NFKC नेही होत नाही. ती अदलाबदल replace ने आपणच करायची.

कुठे थांबायचं

आकडे बाहेर काढल्यावर मराठी मजकुराचे आकडे 256 च्या खाली दिसले, आणि फाँट बदलताच अक्षरांचं इंग्रजी कडबोळं झालं, तर तो मजकूर युनिकोड नाहीच. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. वरचं एकही सूत्र त्याला लागू पडत नाही. त्या विशिष्ट फाँटचा कन्व्हर्टर ज्याच्याकडे आहे अशा डीटीपीवाल्याकडे जा.

पीडीएफमधून उचललेल्या देवनागरीत वेलांट्या भलत्या जागी गेल्या असतील, जोडाक्षरं फुटली असतील, तर तिथेही थांबा. ते न दिसणारं अक्षर नव्हे, पीडीएफ बनवतानाच मजकुराचा क्रम हरवलेला असतो. पाठवणाऱ्याकडे मूळ वर्ड किंवा एक्सेल फाइल मागा. ती मिळाली तर दहा मिनिटांचं काम, नाही मिळाली तर पुन्हा टाइप करणंच स्वस्त.

नावं एखाद्या चालू डेटाबेसमध्ये असतील आणि इतर तक्ते त्यांवर अवलंबून असतील, तर UPDATE चालवून स्वतः सफाई करू नका. ‘कऱ्हाड’च्या दोन रीती एक झाल्या की एकाच नावाच्या दोन नोंदी समोरासमोर येतात. त्यातली कुठली ठेवायची आणि दुसरीला जोडलेले व्यवहार कुठे न्यायचे, हे डेटाबेस सांभाळणाऱ्यानेच ठरवायचं. सातबारा, मतदार यादी, शाळेचं जनरल रजिस्टर अशा अधिकृत नोंदींचंही तेच: तुमच्या प्रतीत जुळणीचा कॉलम करा, मूळ नोंदीतली दुरुस्ती संबंधित कार्यालयाकडून रीतसर अर्ज करून.

तज्ज्ञाकडे जाताना स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यात नेमकं तेच नसतं जे त्याला बघायचं असतं. नाव मेसेजमध्ये चिकटवूनही पाठवू नका, वाटेत चिन्हं बदलू किंवा गळू शकतात. मूळ फाइलची प्रत करा, त्यात एक चालणारा सेल, एक न चालणारा सेल आणि दोघांच्या आकड्यांच्या ओळी ठेवा, आणि हा मजकूर कुठल्या पानावरून किंवा कुठल्या प्रोग्राममधून आला ते वर लिहून फाइलच जोडून पाठवा.